फोटोतला माणूस कापू नका, भिंत उजळा

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी फॉर्म भरायची धांदल सुरू होते आणि बहुतेक फॉर्म पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो मागतात. घरातल्या भिंती मात्र क्रीम, पिस्ता, नाही तर फिक्या गुलाबी असतात. मग मोबाइलवरच्या एखाद्या ॲपने भिंत पुसून टाकली जाते आणि पोराच्या डोक्याभोवती पिवळट कड उरते, केस कात्रीने कापल्यासारखे दिसतात, कानाची पाळी अर्धी गायब होते. असे फोटो स्टुडिओत रोज दुरुस्तीला येतात. त्यामुळे घरी कॉम्प्युटर असणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. भिंत साधी आणि फिकी असेल तर माणूस कापायच्या भानगडीत पडूच नका. भिंतच उजळा.

ही कड का येते, ते आधी बघू. एक केस फोटोतल्या एका ठिपक्यापेक्षाही बारीक असतो. त्यामुळे केसांच्या काठावरच्या ठिपक्यात थोडा केस आणि थोडी भिंत असा मिसळलेला रंग असतो. कापणारे साधे ॲप त्या ठिपक्याला ‘ठेवला’ किंवा ‘काढला’ एवढेच म्हणू शकते. ठेवला तर त्याच्यासोबत भिंतीचा रंगही येतो, काढला तर केस तुटतो. काठ मऊ करायला गेलात तर भिंतीची आणखी थोडी पट्टी आत येते आणि डोक्यामागे प्रभावळ उमटते.

यावरचा उपाय म्हणजे सगळ्या फोटोला भिंतीच्या रंगाने भागायचे. शाळेतलाच भागाकार. समजा, भिंत क्रीम आहे आणि तिचा रंग लाल 214, हिरवा 206, निळा 180 असा आहे. भिंतीला भिंतीनेच भागले की उत्तर एक येते, म्हणजे तिन्ही रंग 255, शुभ्र पांढरा. आता काठावरचा अर्धा केस, अर्धी भिंत असा ठिपका घ्या. केस 40, 34, 30 असेल तर हा ठिपका 127, 120, 105 येतो. पांढऱ्यावर तो तसाच ठेवला तर मळकट पिवळा दिसतो. भिंतीच्या रंगाने भागल्यावर तो 151, 149, 149 होतो. तोच केस खरोखर पांढऱ्या भिंतीसमोर असता तर ठिपका साधारण 148, 145, 143 आला असता. हा फरक डोळ्याला कळत नाही. केस एकही न कापता काठातली भिंत तेवढी निघून गेली.

हे GIMP या फुकट सॉफ्टवेअरमध्ये करता येते. मूळ मोठा फोटो उघडा. Color Picker घ्या, त्यातले Sample average चालू करा आणि डोक्याजवळच्या भिंतीवर क्लिक करा. एकाच ठिपक्याचा रंग उचललात तर तो चुकीचा येऊ शकतो, कारण कॅमेऱ्याच्या कणांमुळे शेजारचे ठिपकेही सारखे नसतात. सरासरी रंग आल्यावर तो किंचित गडद करा, म्हणजे भिंतीवरचे कणही पांढऱ्यात बुडतात. मग वर एक नवीन लेयर घ्या, तो या रंगाने भरा आणि त्याचा Mode बदलून Divide करा. भिंत लगेच पांढरी होईल.

चेहराही उजळेल आणि थोडा निळसर पडेल. तो पूर्ववत करण्यासाठी वरच्या लेयरवर राइट क्लिक करून Add Layer Mask, मग White (full opacity) निवडा. आता काळ्या रंगाचा मऊ ब्रश चेहरा, मान आणि कपड्यांवर फिरवा. जिथे काळे कराल तिथे मूळ फोटो दिसतो. केसांच्या बाबतीत ब्रश काठापर्यंत नेऊ नका, आतल्या दाट केसांतच थांबा. काळे केस भागाकारानंतरही काळेच राहतात, त्यामुळे सांधा दिसत नाही. गाल, कान आणि खांदे इथे मात्र ब्रश लहान करून काठाच्या अगदी जवळ जावे लागते, कारण उजळलेली त्वचा लगेच डोळ्यात येते. खरी मेहनत एवढ्याच भागात आहे.

खिडकी एका बाजूला असली की भिंत एकीकडे उजळ आणि दुसरीकडे सावळी येते. मग एकाच रंगाने भागून पुरत नाही. दोन्ही टोकांचे रंग उचला, एक पुढचा आणि एक मागचा रंग म्हणून ठेवा आणि वरच्या लेयरवर Gradient टूलने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा.

काम नीट झाले की नाही हे पांढऱ्या स्क्रीनवर नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी File मधून Export As ने एक प्रत काढा, ती उघडा आणि Colors मधल्या Levels मध्ये Input Levels खालचा डावीकडचा काळा त्रिकोण 230 पर्यंत सरकवा. जे पुरते पांढरे झालेले नाही, ते सगळे करडे किंवा काळे होऊन वर येते. डोक्याभोवती कडे दिसले तर मास्ककडे परत जा. बघून झाले की Cancel करा.

फोटो लहान करणे अगदी शेवटी. बँक भरतीच्या आयबीपीएसच्या फॉर्मला साधारण 200 बाय 230 पिक्सेल आणि 20 ते 50 केबीची फाइल लागते. मोठ्या फोटोवर भिंत उजळून मग तो लहान केला की उरलेसुरले काठही मऊ होतात. आधी पिक्सेल कमी करा, मगच जेपीजीची क्वालिटी उतरवा. मोठा फोटो नुसती क्वालिटी उतरवून 50 केबीत कोंबलात तर काठांभोवती धुरकट ठिपके उठतात, आणि ते पांढऱ्यावर जास्तच दिसतात.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. भिंत गडद निळी किंवा लाल असेल तर लहान आकड्याने भागावे लागते आणि फोटोतले कण कित्येक पटींनी मोठे होतात. डोक्याची ठळक सावली भिंतीवर पडली असेल तर ती करडी होऊन राहतेच. पांढरा शर्ट किंवा पांढरे केस असतील तर त्यांचा काठ पांढऱ्यात विरून जातो. आजीआजोबांच्या फोटोत म्हणूनच भिंत शुभ्र करू नका. लेयरमध्ये भिंतीपेक्षा जरा उजळ रंग भरलात तर भिंत फिकी राखाडी-पांढरी राहते आणि केस दिसतात.

शेवटी, हा फोटो कुठे द्यायचा हेही बघा. अमेरिकेच्या पासपोर्ट आणि व्हिसाच्या नियमांना कॉम्प्युटरवर बदललेला फोटो चालत नाही. ब्रिटिश पासपोर्टलाही तेच, आणि तिथे फिकी क्रीम किंवा फिकी राखाडी भिंत आहे तशीच चालते. आपल्याकडे मोठ्या माणसांचा पासपोर्टचा फोटो सेवा केंद्रातच काढतात. चार वर्षांखालच्या बाळाचा मात्र पांढऱ्या पार्श्वभूमीचा, साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो घरून न्यावा लागतो. अशा कामांना दुरुस्ती करूच नका. भिंतीवर धुतलेली पांढरी चादर सुरकुत्या न ठेवता ताणून लावा, माणसाला तिच्यापासून तीन फूट पुढे उभे करा, तोंड खिडकीकडे ठेवा आणि फ्लॅश बंद करून फोटो काढा. बाळ असेल तर तीच चादर खाली अंथरून त्याला तिच्यावर उताणे झोपवा आणि वरून फोटो घ्या. फक्त घेणाऱ्याची सावली त्याच्या तोंडावर पडू देऊ नका.