चित्रातले हात त्यांचेच असू द्या

पंच्याहत्तरीचा बॅनर, हळदीची पत्रिका, हॉलमध्ये लावायची मोठी फ्रेम, अशा कामांसाठी संगणकाकडून माणसाचं चित्र तयार करून घेणं आता नेरुळ-सीवूड्सकडे नेहमीचं झालं आहे. चेहऱ्याचे चार चांगले फोटो दिले की चेहरा बऱ्यापैकी जमतो. हात जमत नाहीत. कुठे सहावं बोट फुटतं, कुठे अंगठा करंगळीच्या बाजूला जातो, कुठे दोन बोटं एकमेकांत विरघळतात. मग चित्र करणारा हात कापून टाकतो, नाहीतर हातात पुष्पगुच्छ देऊन झाकतो, नाहीतर कोण बघतंय म्हणून तसंच छापायला पाठवतो. माझं सांगणं आहे, यातलं काहीही करू नका. ज्यांचं चित्र आहे त्यांच्याच हातांचा नीट फोटो काढा आणि त्याच्या आधारानं बोटं दुरुस्त करा. एका संध्याकाळचं काम आहे.

सारसोळ्यातल्या एका कोळी आजोबांच्या चित्रावरून सांगतो. नातवाला हवं होतं, आजोबा जेट्टीवर बसून जाळं शिवताहेत असं, तैलरंगातलं वाटेल असं चित्र. उजव्या हातात जाळं शिवायची सुई, डाव्या हातात ताणून धरलेलं जाळं. चेहरा सुंदर आला. उजव्या हाताला सहा बोटं आली आणि त्यातली दोन जाळ्याच्या दोऱ्यांत मिसळून गेली.

असं का होतं, हे कळलं की दुरुस्ती कुठून सुरू करायची तेही कळतं. स्टेबल डिफ्यूजनसारखी प्रणाली चित्रावर थेट काम करत नाही. ती ते आठपट आखडून घेते. ५१२ पिक्सेल रुंदीचं चित्र तिच्या आत फक्त ६४ चौकटी रुंद असतं. बसलेल्या माणसाच्या पूर्ण चित्रात हात जेमतेम ८० पिक्सेलचा, म्हणजे दहा चौकटींचा. त्या दहा चौकटींत पाच बोटं, त्यांमधल्या फटी, सुई आणि दोरा, एवढं सगळं मावायचं असतं. चेहऱ्याला जागा जास्त मिळते आणि चेहऱ्याची ठेवण सहसा एकसारखीच असते. हात मात्र प्रत्येक फोटोत वेगळा वळलेला, वेगळा झाकलेला असतो. म्हणून मजकुरात ‘पाच बोटं’ असं कितीदा लिहिलं तरी फारसा फरक पडत नाही. बोटं कुठे आणि कशी आहेत, हे तिला दाखवावं लागतं.

दाखवण्याची सोय २०२३ मध्ये झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी कंट्रोलनेट नावाची पद्धत प्रसिद्ध केली. चित्र घडत असताना शेजारी एक मार्गदर्शक नकाशा ठेवायचा आणि चित्रानं त्या आकारातच राहायचं, अशी ती पद्धत. हा नकाशा हाताच्या सांध्यांचा असू शकतो, बाह्यरेषांचा असू शकतो, किंवा खोलीचा, म्हणजे जवळचं पांढरट आणि लांबचं काळसर दाखवणारा. कुठला निवडायचा, यावर सगळं अवलंबून आहे.

आजोबांच्या चित्रात आधी तयार उपाय वापरला गेला. बिघडलेल्या हातावर संगणक स्वतःच एक आदर्श हात बसवतो आणि त्यावरून नकाशा काढतो. निकाल अगदी स्वच्छ आला, पाच सरळ, पूर्ण बोटं. आजोबांनी पाहिलं आणि म्हणाले, “यो माजा हात नाय.” खरंच नव्हता. त्यांच्या उजव्या अनामिकेचं शेवटचं पेर नाही. तरुणपणी बोटीचा दोर अडकून ते गेलं. सांध्यांचा नकाशा प्रत्येक हाताचे २१ बिंदू धरून चालतो, मनगटाचा एक आणि प्रत्येक बोटाचे चार. तयार हाताचा साचाही पाच पूर्ण बोटांचाच असतो. ज्यांचं पेर गेलं आहे, बोट वाकडं बसलं आहे, संधिवातानं सांधे फुगले आहेत, त्यांचा हात या दोन्ही उपायांनी ‘दुरुस्त’ होतो तो दुसऱ्याच कुणाचा तरी होऊन. म्हणून अशा हातांना खऱ्या फोटोवरून काढलेला खोलीचा नकाशाच घ्या. त्यात जेवढा हात आहे तेवढाच येतो.

आता फोटो. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. बिघडलेलं चित्र मोबाइलवर समोर ठेवा आणि त्यांना तसंच बसवा. हातात खरी सुई आणि खरं जाळं द्या, कारण वस्तू न धरता केलेली मूठ आणि वस्तू धरलेली मूठ यांत बोटांची वळणं वेगळी असतात. मागे साधी फिकट चादर धरा. चित्रात चेहऱ्यावर प्रकाश डावीकडून पडला असेल तर हातावरही डावीकडूनच पडू द्या, खिडकीजवळ बसवलं तरी पुरतं. मोबाइल हातापासून फूटभरावर नेऊ नका. इतक्या जवळून पुढची बोटं फुगतात आणि मनगट बारीक दिसतं. चार-पाच फुटांवर उभे राहून दुप्पट झूम करा. कॅमेऱ्याची उंची चित्रातल्या नजरेइतकी ठेवा. पुढचा, सेल्फीचा कॅमेरा वापरू नका. बऱ्याच फोनमध्ये तो उलटं चित्र जतन करतो आणि उजवा हात डावा होऊन बसतो.

फोटो झाला की तो क्रिटा किंवा गिंपमध्ये मूळ चित्रावर थर म्हणून ठेवा, निम्मा पारदर्शक करा आणि मनगटावर मनगट जुळवा. माप चेहऱ्यावरून घ्या. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी साधारण हनुवटीपासून कपाळाच्या वरच्या भागापर्यंत असते. हात कॅमेऱ्याच्या दिशेनं पुढे आला असेल तर थोडा मोठा चालतो. मग हाताभोवतीची चादर पुसून टाका आणि हाताचा रंग चेहऱ्याच्या रंगाशी जुळवून घ्या. जुना बिघडलेला हात या थराबाहेर डोकावत असेल तर त्यावर आजूबाजूच्या जाळ्याचा रंग आधी फिरवून टाका. हे राहून गेलं की सहावं बोट हमखास परत उगवतं.

यानंतर हाताभोवतीचा चौकोन कापून वेगळा काढा आणि ७६८ पिक्सेलपर्यंत मोठा करा. आता हाताला दहाऐवजी साठ-सत्तर चौकटी मिळतात. सगळ्या कृतीत सर्वांत जास्त फरक या पायरीनं पडतो. हात आणि मनगटाचा थोडा भाग मास्कनं झाका. त्याच चौकोनातून `depth` नकाशा काढा आणि पुढे जाण्याआधी तो उघडून बघा. प्रत्येक बोट वेगळ्या करड्या छटेत दिसलं पाहिजे. नकाशात दोन बोटं एकाच पांढऱ्या डागात मिसळली असतील तर चित्रातही मिसळणारच. तेव्हा आकड्यांशी खेळत बसू नका. बोटांमध्ये सावली पडेल असा प्रकाश देऊन फोटो पुन्हा काढा, किंवा जोडीला `lineart` नकाशा द्या.

दोनच आकडे महत्त्वाचे आहेत. `Control Weight` ०.८ ते १ ठेवा. `Denoising strength` साधारण ०.४५. हा आकडा ०.२ पर्यंत खाली आणला तर तैलरंगातल्या चित्रावर फोटो चिकटवल्यासारखा हात दिसतो. ०.७च्या वर नेला तर आकार नकाशामुळे टिकतो, पण आजोबांच्या हाताची रापलेली कातडी, पालथ्या हातावरच्या शिरा, जुना व्रण, हे सगळं जाऊन गुळगुळीत तरुण हात येतो. खोलीच्या नकाशात कातडी नसते, ती खाली ठेवलेल्या फोटोतूनच येते. मजकुरातही त्या चौकोनात जे आहे तेवढंच लिहा, म्हातारा हात, सुई, जाळं. पूर्ण चित्राचं वर्णन तसंच ठेवलं तर तळहातावर छोटा चेहरा उमटलेला मी पाहिला आहे. तयार झालेला चौकोन पुन्हा लहान करून मूळ जागी बसवा.

ही कृती सगळं करू शकत नाही. फोटोतला हात बाजूनं आणि चित्रातला समोरून असेल तर कितीही फिरवला तरी बसत नाही. अशा वेळी चित्रातली बैठकच बदला. घरच्या संगणकावर करायचं तर साधारण ६ ते ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड असलेलं बरं. ज्यांचं चित्र आहे ते हयात नसतील तर लग्नाच्या, पूजेच्या जुन्या फोटोंत त्यांचे हात शोधा. मुलाचे हात त्यांचे म्हणून लावू नका. घरच्यांना ते कळतं आणि खुपतं.

एका बाबतीत मात्र सावध राहा. बोटांची टोकं समोर ठेवून काढलेल्या स्पष्ट फोटोत ठसे असतात. २०१४ मध्ये जर्मनीतल्या यान क्रिसलर यांनी तिथल्या संरक्षणमंत्र्यांच्या फोटोंवरून अंगठ्याचा ठसा उभा करून दाखवला होता. आपल्याकडे तर आधारच्या अंगठ्यावर बँकेतून पैसे निघतात. म्हणून शक्यतो पालथा हात घ्या, फोटो अनोळखी वेबसाइटवर चढवू नका, आणि चढवावाच लागला तर बोटांची टोकं आधी धूसर करा. नुसता खोलीचा नकाशा पाठवून भागत असेल तर उत्तम, त्यात ठसे उरत नाहीत. आणि फोटो काढण्याआधी, तो कशासाठी आहे हे त्या माणसाला सांगून परवानगी घ्या.

छपाईला देण्याआधी चित्र पूर्ण आकारात उघडून बोटं मोजा, अंगठा कुठल्या बाजूला आहे ते पाहा, सरळ बोटांची नखं दिसत असतील तर तळवा दिसत नाही ना ते पाहा. मग ज्यांचं चित्र आहे त्यांच्या हाती ते द्या आणि विचारा, हा हात तुमचाच ना? ते नाही म्हणाले तर बॅनर एक दिवस उशिरा लागू द्या, पण हात पुन्हा करा.