नातीचं जॅकेट आणि बदकाची पिसं



मे महिन्यात आमच्या कारंज्यात उन्हाने तवा तापावा तशी गच्ची तापते. अशा दुपारी माझी नात हॉलमध्ये जाडजूड जॅकेट घालून, चेन गळ्यापर्यंत ओढून उभी होती आणि कूलर तिच्याकडे फिरवलेला होता. तिला पुढच्या शिक्षणासाठी कॅनडातल्या विनिपेगला जायचं होतं, तेही जानेवारीच्या सत्राला. जानेवारीत तिथलं सरासरी तापमान उणे सोळाच्या आसपास, आणि पहाटे उणे वीसच्या खाली जाणं नेहमीचं. आपल्याकडे पारा दहावर आला की आपण शेकोटी पेटवतो. म्हणून मे महिन्यापासूनच शोध सुरू झाला होता.

ते जॅकेट मुलाने ऑनलाइन मागवलं होतं. वर्णनात "पॅडेड, अतिउबदार, उणे तीसपर्यंत" असं लिहिलेलं. नातीने ते उतरवून ठेवलं आणि घडी करताना मला आतल्या खिशात एक बारीक पट्टी दिसली. चष्मा लावून वाचली: 'डाऊन ८० टक्के, फेदर २० टक्के'. डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा गूज पक्ष्याच्या छाती-पोटावरचा मऊ पिसारा आणि फेदर म्हणजे दांडीची पिसं. मी ते जॅकेट दोन बोटांनी उचलून खोक्यात परत ठेवलं.

घरात त्यावरून वाद झाला. मुलगा म्हणाला, "आई, तिथे थंडीने माणसं दगावतात. आणि बदकं काही पिसांसाठी मारत नाहीत, मांसासाठी मारतात. पिसं नुसती फेकून जायची." नात म्हणाली, "आज्जी, मुनीमहाराजांची पिच्छीसुद्धा मोरपिसांचीच असते ना?"

पिच्छीचं उत्तर सोपं होतं. मोर दरवर्षी पिसं आपणहून गाळतो आणि पिच्छीला ती गळलेली पिसंच लागतात. बदकाचं डाऊन मात्र बहुतांशी कत्तलीनंतर काढतात, आणि काही ठिकाणी जिवंत पक्ष्याचंही उपटतात. आता अनेक जॅकेटांवर 'रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड'ची खूण असते. ती सांगते की पक्षी जिवंतपणी उपटलेला नाही आणि त्याला बळजबरीने खाऊ घातलेलं नाही. त्याला मारलं नाही असं ती सांगत नाही. ती खूण बघून "चालेल" म्हणणाऱ्या आपल्या भगिनी मला भेटल्या आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

मुलाचा मुद्दा जास्त अवघड होता. पण मी बी. कॉम. केलंय आणि कॉस्टिंगच्या पेपरात उपउत्पादनाचा हिशोब शिकले आहे. उपउत्पादन विकून जे पैसे येतात ते मुख्य मालाच्या खर्चातून वजा होतात. म्हणजे पिसं विकली गेली की कत्तलीचा खर्च तेवढा भरून निघतो आणि तो धंदा तेवढा नफ्याचा होतो. कृत, कारित आणि अनुमोदना हे तीन शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. आपण मारलं नाही, मारायला सांगितलं नाही, पण बिल भरलं, तर अनुमोदना झालीच. माझं मत तेव्हाच ठरलं.

तरीही नुसतं मत ठरवून चालणार नव्हतं, नात थंडीत कुडकुडली असती. म्हणून मी ऊब येते कुठून ते समजून घ्यायला बसले. आणि कळलं की ते आपल्या पिंजाऱ्याला केव्हाच माहीत होतं. जुनी रजई दबते, कापसाच्या गाठी होतात, तेव्हा कापूस तेवढाच असूनही ती ऊब देत नाही. पिंजून फुलवली की पुन्हा उबदार होते. ऊब देते ती कापसात अडकलेली स्थिर हवा. जॅकेटमध्येही तेच आहे. डाऊन इतकं नावाजलेलं आहे कारण थोड्या वजनात ते खूप फुलतं आणि खूप हवा धरतं.

त्याची मोजणी 'फिल पॉवर'ने करतात. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम डाऊन फुलून किती घनइंच जागा व्यापतं, तो आकडा: ६००, ७००, ८००. दुकानदार हा आकडा मोठ्याने सांगतो. पण तो मालाची प्रत सांगतो, आत माल किती भरलाय ते सांगत नाही. बिलात भाव आणि नग दोन्ही लागतात ना, तसंच. ८०० प्रतीचं ८० ग्रॅम डाऊन सुमारे २,३०० घनइंच फुलेल आणि ६०० प्रतीचं २५० ग्रॅम सुमारे ५,३००. म्हणजे कमी आकड्याचं जॅकेट दुपटीहून जास्त फुललेलं असू शकतं.

दुसरा प्रकार कृत्रिम तंतूंचा, म्हणजे पॉलिएस्टरच्या बारीक धाग्यांची गादी. थिन्सुलेट, प्रायमालॉफ्ट ही नावं त्यातलीच. त्यांचा आकडा एका चौरस मीटरला किती ग्रॅम, असा असतो. ६० म्हणजे पातळ, १०० मध्यम आणि २०० खऱ्या थंडीचं. पुष्कळदा छातीला जास्त आणि बाह्यांना कमी जाडी असते, तेही विचारायचं.

आता खरं तेच सांगते. कोरड्या थंडीत वजनाच्या मानाने डाऊन पुढेच आहे. तेवढ्याच उबेसाठी कृत्रिम जॅकेट साधारण दीडपट जड होतं, घडीला जाड राहतं, आणि चार-पाच हिवाळ्यांत त्याचे धागे दबतात, तर डाऊन नीट सांभाळलं तर दहा वर्षंही टिकतं. उलट डाऊन भिजलं की त्याचा गोळा होतो आणि ऊब जाते, कृत्रिम मात्र ओलं असूनही बरीच ऊब धरतं आणि लवकर वाळतं. म्हणजे आपल्या धर्मासाठी आपण जी किंमत मोजतो ती थोडं वजन आणि काही वर्षांनी पुन्हा खरेदी, एवढी आहे. जिवाला धोका नाही. हे मुलाला पटलं.

मग राहिला तो 'उणे तीस'चा शिक्का. स्लीपिंग बॅगसाठी तापवलेला पुतळा आत ठेवून मोजायची ठरलेली पद्धत आहे. पण रोजच्या जॅकेटला तशी सक्तीची चाचणी नाही, कंपनी स्वतःच आकडा छापते. तो आकडा बहुधा आत पुरेसे कपडे घालून चालणाऱ्या माणसाचा असतो. झपाझप चालताना शरीर उभं राहण्यापेक्षा दुप्पट-तिप्पट उष्णता तयार करतं. नात तर बसथांब्यावर उभी राहणार! शिवाय वाऱ्याचा हिशोब वेगळा. उणे वीस तापमानात ताशी ३० किलोमीटर वारा असला तर कॅनडाच्या सूत्राप्रमाणे उघड्या त्वचेला उणे तेहेतीससारखं लागतं. म्हणून छापील आकड्यातून मी मनातच दहा-पंधरा अंश वजा केले आणि जॅकेटाची बांधणी पाहायला लागले.

बांधणी म्हणजे काय? चेनच्या मागे कापडाची पट्टी हवी, नाहीतर चेनच्या दातांतून वारा येतो. मनगटाला विणलेली घट्ट कड हवी. टोपी खोल आणि काठाला तार असलेली हवी, म्हणजे चेहऱ्यापुढे बोगदा होतो. टोपीच्या काठाची केसाळ पट्टी विचारून घ्या, ती कायोटी नावाच्या प्राण्याचीही असते. माप असं हवं की आत स्वेटर घालून दोन्ही हात पुढे मिठीसारखे गुंडाळता आले पाहिजेत. घट्ट बसलं तर भरण दबतं, आणि दबलेली रजई आठवा!

आम्ही खरेदी दोन भागांत केली. नागपूरहून १०० ग्रॅमचं कृत्रिम जॅकेट घेतलं, आणि आतले कपडे पॉलिएस्टरचे. लोकरीचे घेतले नाहीत, कारण लोकरीसाठी पाळलेली मेंढी शेवटी कुठे जाते तेही मला ठाऊक आहे. कापसाचे बनियन आम्ही वऱ्हाडातले असूनही बाद केले. कापूस घाम पिऊन ओला राहतो आणि अंग गार पाडतो. दुसरा भाग, मांडीपर्यंत येणारा २०० ग्रॅमचा मोठा कोट, तिने तिथे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात घेतला. नागपूरचं जॅकेट अंगावर घालूनच ती विमानात बसली, म्हणजे सामानाचं वजनही वाचलं.

फेब्रुवारीत तिचा फोन आला. उणे चोवीसमध्ये बस पंचवीस मिनिटं उशिरा आली होती. "आज्जी, छाती-पाठ छान गरम होती, पण गुडघे आणि बोटं बधिर झाली." आमची चूक लक्षात आली. सगळा जीव जॅकेटात अडकवला आणि पाय विसरलो. मग तिने आतून लेगिंग आणि वर वारा अडवणारी पँट घेतली. हातमोजेही बोटांचे सोडून मुठीचे घेतले, कारण एकत्र असलेली बोटं एकमेकांना ऊब देतात.

धुताना एकच पथ्य आहे. थंड पाणी, सौम्य फेरा, कापड मऊ करणारं द्रावण नको आणि इस्त्री तर मुळीच नको. हिवाळा संपला की हवा काढलेल्या पिशवीत दाबून न ठेवता हँगरला टांगायचं.

तर मैत्रिणींनो, मुलं परदेशी निघाली की त्यांच्या बॅगेत आपण लाडू-चिवडा भरतो, णमोकार मंत्राचं पुस्तक ठेवतो. त्यासोबत जॅकेटच्या आतल्या खिशातली ती बारीक पट्टीही एकदा वाचा. थंडीचं कारण सांगून कोणी घाई केली तर भरण किती ग्रॅमचं ते विचारा. पक्ष्याला हात न लावता आमची नात पहिला हिवाळा काढून आली. येत्या दिवाळीला येणार आहे, तेव्हा तो कोट घेऊन ये म्हटलंय, मला बघायचाय.

जय जिनेंद्र.