एकच बरोबर उत्तर नसलेल्या प्रश्नाला मार्क कसे देतात? एमबीएच्या वर्गातला 'मर्क'चा पेच

आयव्हरमेक्टिन हे नाव आपल्यापैकी अनेकांनी पहिल्यांदा कोरोनाच्या काळात ऐकलं. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने १८ वर्षांवरच्या सगळ्यांना हे औषध देण्याची घोषणा केली, तेव्हा त्यावरून बराच वादही झाला होता. पण जगभरातल्या बिझनेस स्कूल्समध्ये या औषधाची ओळख वेगळीच आहे. तिथे ते नैतिक पेचाच्या एका गाजलेल्या प्रश्नाचा विषय आहे.

या प्रश्नाचं एकच बरोबर उत्तर नाही. तरीही कुणाला २० पैकी १८ मार्क मिळतात, तर कुणाला ६. असं कसं? दोन विद्यार्थ्यांनी एकदम उलट उत्तरं लिहिली आणि दोघांनाही सारखेच मार्क मिळाले, तर ते योग्य आहे का?

आधी पेच काय आहे ते पाहू

'रिव्हर ब्लाइंडनेस' हा एका कृमीमुळे होणारा आजार आहे. वाहत्या नद्यांच्या काठी वाढणाऱ्या काळ्या माशीच्या चाव्यातून हा कृमी माणसाच्या शरीरात शिरतो. त्याची लाखो सूक्ष्म पिल्लं त्वचेत आणि डोळ्यांत पसरतात. आधी असह्य खाज सुटते आणि शेवटी दृष्टी जाते. आफ्रिकेत या आजाराच्या भीतीने लोकांनी नदीकाठची सुपीक जमीन सोडून दिली होती.

अमेरिकेतली मर्क ही औषध कंपनी तेव्हा जनावरांच्या कृमींवर आयव्हरमेक्टिन विकसित करत होती. त्यापासून चांगली कमाई होईल, अशी कंपनीची अपेक्षा होती. १९७८च्या सुमारास मर्कमधले शास्त्रज्ञ विल्यम कॅम्पबेल यांच्या लक्षात आलं की, हे औषध घोड्यांमधल्या एका कृमीवरही चालतं. हा कृमी रिव्हर ब्लाइंडनेसच्या कृमीचा जवळचा नातेवाईक आहे. मग हे माणसांवरही चालेल का? ते शोधायला पैसे हवे होते आणि निर्णय संशोधन प्रमुख रॉय वॅजेलोस यांच्या हातात होता.

विद्यार्थ्यांना वॅजेलोस यांच्या खुर्चीत बसवलं जातं. प्रश्न साधारण असा असतो: 'वर्ष १९७८. रुग्णांकडे पैसे नाहीत, त्यांच्या सरकारांकडेही नाहीत. संशोधनाला अनेक वर्षं आणि कोट्यवधी डॉलर लागतील. माणसांवर गंभीर दुष्परिणाम दिसले, तर जनावरांच्या औषधाच्या धंद्यालाही धक्का बसू शकतो. तुम्ही निधी मंजूर कराल का? कारणांसह लिहा.'

हा खरंच पेच आहे का?

सगळेच नैतिक प्रश्न पेच नसतात. 'चाचणीत दिसलेले दुष्परिणाम लपवावेत का?' या प्रश्नाला एकच उत्तर आहे: नाही. तिथे एका बाजूला कर्तव्य आणि दुसऱ्या बाजूला फक्त आमिष असतं. असा प्रश्न 'पेच' म्हणून विचारला, तर विद्यार्थी परीक्षकाला आवडेल ते लिहून मोकळे होतात.

मर्कच्या प्रश्नात दोन्ही बाजूंना खरी जबाबदारी आहे. अंध होणाऱ्या लोकांना मदत करू शकेल असं ज्ञान कंपनीकडे आहे. पण संशोधनाचा पैसा मर्यादित आहे. तो इथे वापरला, तर दुसऱ्या एखाद्या आजारावरचं काम मागे पडेल आणि त्या आजाराचे रुग्णही माणसंच आहेत. शिवाय हा पैसा शेअरहोल्डरांचा आहे. कायद्याच्या चौकटीत राहून नफा कमावणं हीच कंपनीची सामाजिक जबाबदारी, असं अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये मांडलं होतं. उलट मर्कचेच माजी प्रमुख जॉर्ज डब्ल्यू. मर्क यांनी १९५० मध्ये, औषध आधी लोकांसाठी असतं आणि नफा त्यामागून येतो, अशी भूमिका घेतली होती. वर्गात दोन्ही बाजूंना वकील सापडतात ते म्हणूनच.

मग मार्क कशाला?

इथे कामाला येतं ते मूल्यमापनाचं मार्गदर्शक, म्हणजेच रुब्रिक. अमेरिकेतल्या कॉलेजं आणि विद्यापीठांच्या एका संघटनेने २००९ मध्ये नैतिक विचारासाठी पाच निकष आणि चार पातळ्यांचं रुब्रिक प्रसिद्ध केलं. पहिल्या पातळीलाही न पोहोचणाऱ्या उत्तराला त्यात शून्य देता येतं. त्याच धर्तीवर मर्कच्या प्रश्नासाठी आम्ही एक नमुना तयार केला आहे. प्रत्येक निकषाला ४ मार्क, एकूण २०.

१. पेच ओळखणे: कोणत्या दोन जबाबदाऱ्या एकमेकींना भिडतात, हे नेमकं सांगितलं आहे का?
२. माणसं आणि माहिती: किमान तीन घटकांना काय मिळेल आणि काय गमवावं लागेल, हे लिहिलं आहे का? काय माहीत आहे आणि काय नाही, हे वेगळं केलं आहे का?
३. तत्त्वाचा वापर: परिणाम, कर्तव्य, न्याय यांपैकी निदान दोन कसोट्या या प्रश्नाला प्रत्यक्ष लावून पाहिल्या आहेत का? नुसती नावं लिहिली तर १ मार्क.
४. स्वतःविरुद्धचा आक्षेप: आपल्या निर्णयावरचा सगळ्यात जोरदार आक्षेप मांडून त्याला उत्तर दिलं आहे का?
५. निर्णय: 'हो' किंवा 'नाही' स्पष्ट आहे का? तो कसा अमलात आणणार आणि कधी बदलणार, हे आहे का?

'हो' म्हटल्याचा एकही मार्क यात नाही आणि 'नाही' म्हटल्याचाही नाही.

चार उत्तरं तपासून पाहू

ही चार उत्तरं समजण्यासाठी तयार केलेली आहेत.

पहिलं उत्तर 'हो' म्हणतं. पण सगळा निधी एकदम देत नाही. आधी थोड्या रुग्णांवर सुरक्षिततेची चाचणी घ्यायची. या आजारावरच्या जुन्या औषधाने रुग्णांना तीव्र त्रास व्हायचा, तसाच इथे झाला तर थांबायचं. औषध तयार झाल्यावर पैसे कोण देणार, हा प्रश्न अजून सुटलेला नाही, हे उत्तर मान्य करतं. तरी चाचणी न करणं म्हणजे तो प्रश्न कधीच विचारायचा नाही असं ठरवणं, असं त्याचं म्हणणं आहे. मार्क: ४, ४, ३, ४, ३. एकूण १८.

दुसरं उत्तर 'नाही' म्हणतं. मर्कने स्वतःचा पैसा लावू नये. औषधाचा नमुना आणि प्राण्यांवरची माहिती परवान्यासह जागतिक आरोग्य संघटनेला द्यावी. एका कंपनीने असा भार उचलला, तर प्रत्येक गरीब देशाच्या आजारासाठी तिच्याकडेच बोट दाखवलं जाईल, असं त्याचं कारण आहे. या औषधाची सर्वाधिक माहिती मर्ककडेच आहे, त्यामुळे काम लांबेल आणि तोवर आणखी लोक अंध होतील, हा आक्षेपही ते लपवत नाही. मार्क: ४, ३, ४, ४, ३. एकूण १८.

तिसरं उत्तरही 'हो'च म्हणतं. 'माणुसकी पैशापेक्षा मोठी आहे, म्हणून निधी द्यावा.' वाक्य मनाला भिडणारं आहे, पण पैसा कुठून येणार, कुणाचं काम थांबणार, यावर शब्द नाही. मार्क: २, १, १, ०, २. एकूण ६.

चौथं उत्तर दोन्ही बाजू छान मांडतं आणि शेवटी म्हणतं, 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे, समिती नेमावी.' मार्क: ३, ३, ३, २, ०. एकूण ११. वॅजेलोस यांच्या टेबलावर फाईल होती आणि तिच्यावर काहीतरी लिहायचं होतंच. समिती नेमणं म्हणजे तूर्तास 'नाही', आणि तेही न सांगता.

पण खरा शेवट तर सगळ्यांना माहीत आहे...

वॅजेलोस यांनी 'हो' म्हटलं. १९८१ मध्ये सेनेगलमध्ये माणसांवर पहिली चाचणी झाली. औषध चाललं. पैसे देणारं मात्र कुणी पुढे आलं नाही. १९८७ मध्ये मर्कने जाहीर केलं की, ज्याला गरज आहे त्याला, जितकं लागेल तितकं आणि जोवर लागेल तोवर हे औषध मोफत देऊ. २०१५ मध्ये कॅम्पबेल आणि जपानचे सातोशी ओमुरा यांना नोबेल मिळालं. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नायजर या देशातून रिव्हर ब्लाइंडनेसचा प्रसार थांबल्याचं मान्य केलं. आफ्रिकेतला असा तो पहिला देश.

शेवट इतका चांगला असल्यामुळेच तपासणीत घोटाळा होतो. परीक्षकाला हा शेवट आठवतो आणि 'हो' म्हणणाऱ्यांकडे हात नकळत सैल सुटतो. पण १९७८ मध्ये यातलं काहीच माहीत नव्हतं. औषधाने रुग्णांना त्रास झाला असता, तर हाच निर्णय बेजबाबदार ठरला असता. निर्णय तपासायचा तो तेव्हाच्या माहितीवर.

विद्यार्थीही इथे घसरतात. १९७८चा प्रश्न 'संशोधन करावं का' हा आहे, तर १९८७चा 'मोफत द्यावं का' हा. अनेक जण पहिल्या प्रश्नात दुसऱ्याचं उत्तर लिहितात. पुरेशा पुराव्याआधीच औषध मोफत वाटण्याची घोषणा करणाऱ्या उत्तराचे दुसऱ्या निकषात मार्क कापले जातात.

रुब्रिक बिघडलंय हे कसं ओळखायचं?

पहिली खूण: सगळे तपासून झाल्यावर 'हो' आणि 'नाही' असे दोन गठ्ठे करा. वरचे सगळे मार्क एकाच गठ्ठ्यात गेले असतील, तर परीक्षकाचं मत मार्कांत उतरलं आहे किंवा प्रश्नच एका बाजूला झुकलेला आहे.

दुसरी खूण: तोच पेपर दोघांनी एकमेकांचे मार्क न बघता तपासावा. एका निकषात एकाचे ४ आणि दुसऱ्याचा १ असेल, तर त्या निकषाचे शब्द मोघम आहेत. 'सखोल विचार केला आहे' या वाक्याचा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावतो. 'तीन घटकांना काय मिळेल आणि काय जाईल हे लिहिलं आहे' हे मोजता येतं.

तिसरा बिघाड जास्त चिवट आहे. रुब्रिक माहीत झालं की, विद्यार्थी साचा पाठ करतात: शेअरहोल्डर, कर्मचारी, समाज, पर्यावरण, निष्कर्ष. यूपीएससीच्या नीतिशास्त्राच्या पेपरची तयारी करणाऱ्यांना हा साचा चांगलाच ओळखीचा असेल. त्यावर एक उपाय म्हणजे शेवटी एक माहिती बदलून विचारणं. समजा, जागतिक आरोग्य संघटना निम्मा खर्च द्यायला तयार झाली. तुमचा निर्णय बदलेल का? आधीचा निर्णय ज्याने खरंच विचारपूर्वक घेतला आहे, त्याला बदल नेमका कुठे होतो ते सांगता येतं. पाठ केलेला साचा मात्र इथे तेच वाक्य पुन्हा लिहितो.

एक मर्यादा मात्र उरतेच. १८ मार्कांचं उत्तर लिहिणारी व्यक्ती उद्या खुर्चीत बसल्यावर तशीच वागेल, याची हमी कोणतंही रुब्रिक देत नाही. ते फक्त एवढंच तपासतं की, निर्णय घेताना त्याची किंमत कोण मोजणार आहे, हे तिला दिसलं होतं की नाही.