पाण्याआधीचे चार शब्द

उन्हाळ्याची सुट्टी लागली की अहिल्यानगरच्या पेठांतील घराघरांत मुलांच्या पोहण्याच्या वर्गाची चौकशी सुरू होते. फी भरली जाते. पोशाख, टोपी आणि पोहण्याचा चष्मा आणला जातो. एवढी तयारी झाल्यावर घरातील सहा वर्षांची मुलगी आदल्या रात्री हळूच सांगते, "मला नाही जायचं." मग प्रत्येक वडीलधारे माणूस आपापल्या परीने तिला धीर देऊ लागते. आजोबा म्हणतात, "त्यात घाबरायचं काय?" काका म्हणतात, "पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही." आई म्हणते, "काही होणार नाही, मी आहे ना."

या तिन्ही वाक्यांमागे माया आहे. पण भ्यालेल्या मुलीच्या हाती त्यांतून काहीच लागत नाही. आजोबांचा प्रश्न तिला भीती लपवायला शिकवतो. काकांची म्हण नव्या धंद्यात उतरणाऱ्या तरुणासाठी ठीक आहे. पण लहान मूल शब्द जसाच्या तसा ऐकते, आणि 'पाण्यात पडणे' हीच तर त्याची भीती असते. आईचे वाक्य तर पहिल्याच दिवशी खोटे ठरते. नाकात पाणी जाते, झोंबते, ठसका लागतो. आणि आई तलावात नसते, ती बाहेर बाकावर बसलेली असते. वडीलधाऱ्यांचा शब्द ही मुलांच्या दृष्टीने हुंडीच होय. ती एकदा परत आली की पुढच्या शब्दाला पत उरत नाही. म्हणून धीराच्या वाक्याची पहिली कसोटी अशी, की ते खरे असले पाहिजे आणि मुलाला ते स्वतः पडताळून पाहता आले पाहिजे.

ही भीती येते कोठून, हेही पाहिले पाहिजे. आपल्या जिल्ह्यात अकोल्याकडे पाऊस कोसळतो आणि 1926 साली पूर्ण झालेले भंडारदरा धरण भरते; पण पाथर्डी, जामखेड, पारनेरकडे अनेक उन्हाळे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून जातात. शहरातले मूलसुद्धा पाणी पाहते ते पिंपात, बादलीत, तांब्यात. पाणी तुपासारखे जपून वापरावे, ही शिकवण तर घराघरांतलीच. खोल पाण्याशी संबंध येतो तो केवळ धाकापुरता. "विहिरीकडे जाऊ नकोस, आत बागुलबुवा आहे," असे आपणच सांगितलेले असते. तो धाक त्या वयात उपयोगीही पडला. विहिरीच्या काठापासून त्याने मुलाला दूर ठेवले. आता त्याच मुलाला आपण कमरेएवढ्या निळ्या पाण्यात उतर म्हणतो. म्हणून त्याच्या भीतीला हसू नये. ती आपणच पेरलेली आहे.

पूर्वी खेड्यांत मुले विहिरीतच पोहायला शिकत. कमरेला दोर बांधत, पाठीला वाळलेल्या भोपळ्यांची सांगड किंवा तेलाचा रिकामा, तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा बांधत, आणि थोरला भाऊ किंवा चुलता दोराचे टोक धरून काठावर उभा राही. या रीतीत एक शहाणपण होते. हातपाय मारण्याआधी मुलाला पाण्याचा आधार अंगाला कळत असे. एक दोषही होता. कोणीतरी थट्टेने मागून ढकलून देई, आणि काही जण जन्मभर पाण्याजवळ फिरकत नसत. शहाणपण घ्यावे, दोष टाकावा, आणि त्या भोपळ्याचे काम चार छोट्या वाक्यांना द्यावे.

ही वाक्ये तलावाच्या काठावर प्रथमच सांगून उपयोग नाही. तेथे आवाज घुमत असतात, औषधाचा वास असतो, अनोळखी शिक्षक असतात; भ्यालेल्या मनाला नवे वाक्य समजत नाही, फक्त पाठ झालेले आठवते. म्हणून आठवडाभर आधी घरी सुरुवात करावी. वाक्य चार-पाच शब्दांचे असावे, घरातल्या सर्वांनी तेच म्हणावे, आणि ते मूल ज्या भाषेत झोपेत बडबडते त्या भाषेत असावे. घरात मारवाडी बोलली जात असेल तर मारवाडीत सांगावे.

पहिले वाक्य श्वासाचे: "नाक गुणगुणलं, पाणी थांबलं." तोंड मिटून 'हंऽऽ' म्हटले की हवा नाकातून बाहेर येते, आणि बाहेर येणाऱ्या हवेसमोर पाणी आत शिरत नाही. घंगाळात पाणी घ्यावे आणि मुलीला आधी हनुवटी, मग ओठ, मग नाक टेकवून गुणगुणायला सांगावे. बुडबुडे आले की तिला हसू येते. त्यानंतर डोक्यावरून तांब्याने पाणी ओतताना तेच करावे. मात्र आधी सांगावे, "मी तीन म्हणेपर्यंतच ओतणार," आणि तीन म्हणताच थांबावे. ती धीट झाली म्हणून चौथा आकडा मोजू नये. कधीतरी नाकात पाणी जाईलच. तेव्हा खरे कारण सांगावे, की शरीरातल्या पाण्यात मीठ असते, तेवढे या पाण्यात नसते म्हणून झोंबते, आणि थोड्या वेळात थांबते. आधी सांगितलेले झोंबणे मूल सोसते. फसवून आलेले झोंबणे ते विसरत नाही.

दुसरे वाक्य तरंगण्याचे: "छातीत हवा, अंग हलकं." ते पटवण्यासाठी घट्ट झाकणाचा रिकामा स्टीलचा डबा भरल्या बादलीत ठेवावा. मुलीला तो तळाशी दाबायला सांगावे. पाणी त्याला वर ढकलते आणि तो ढकल तिच्या तळहाताला जाणवतो. मग डब्यात पाणी भरून सोडावा, तो बुडतो. तिला सांगावे की तुझी छाती म्हणजे हा डबा. किंचाळून सगळी हवा सोडली तर डबा रिकामा राहत नाही, पाण्याने भरल्यासारखा जड होतो. याच वाक्याला जोडून आणखी दोन शब्द द्यावेत: "कान पाण्यात, डोळे वर." भ्यालेले मूल मान वर काढते, मान वर गेली की पाय खाली जातात आणि बुडाल्यासारखे वाटते. गादीवर उताणे झोपवून, डोके सैल सोडून छताकडे पाहायला शिकवले की ही सवय आधीच लागते. मात्र "तू लाकडासारखी आडवी तरंगशील" असे वचन देऊ नये. पुष्कळ सडपातळ मुलांचे पाय थोडे खाली जातातच, आणि त्यात त्यांचे काही चुकत नसते.

तिसरे वाक्य परत उभे राहण्याचे: "गुडघे पोटाशी, पाय तळाशी." हे वाक्य बहुतेक घरांत राहून जाते, आणि मुलाची खरी भीती येथेच असते. पालथे किंवा उताणे झाल्यावर पुन्हा उभे कसे राहायचे, हे त्याला ठाऊक नसते. गुडघे पोटाशी घेतले की शरीर खुर्चीवर बसल्यासारखे होते, मग पाय सरळ खाली येतात आणि डोके वर येते. गादीवर आठ-दहा वेळा करून घ्यावे. परतीची वाट माहीत असलेले मूल पुढे जायला तयार होते. हे वाक्य छातीपेक्षा कमी पाण्यापुरतेच खरे आहे, हेही त्याच वेळी सांगावे.

चौथे वाक्य मुलाच्या स्वतःच्या अधिकाराचे: "थांब म्हटलं की थांबायचं." तिने 'थांब' म्हटले की बाहेरच्या माणसाने त्या क्षणी हात थांबवावा. शिक्षकांनाही पहिल्या दिवशी ही चारही वाक्ये सांगावीत आणि "धरून ठेवतो" म्हणून मध्येच हात सोडू नका, अशी विनंती करावी. सोडायचे असेल तर आधी सांगून, आकडा मोजून सोडावे. 'थांब' हा शब्द चालतो असे दिसले की मूल तो कमी वेळा वापरते.

एक उदाहरण घेऊ. समजा, धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरातली ही सहा वर्षांची मुलगी केस धुतानाही रडते. पहिले दोन दिवस घंगाळ आणि गुणगुणणे, तिसऱ्या दिवशी तांब्या, चौथ्या दिवशी डबा आणि बादली, पुढचे दोन दिवस गादी. सातव्या दिवशी तिला तलावावर नेऊन नुसते पायऱ्यांवर बसवावे. तळ दिसतो का, भिंत कोठे आहे, आई कोठे बसणार, हे तिनेच पाहावे. आठव्या दिवशी पहिला वर्ग. त्या दिवशी ती भिंत धरून चालली आणि एकदा तोंड पाण्यात घालून गुणगुणली, तर तेवढे पुरेसे आहे. घरी आल्यावर "पोहायला आलं का?" असे विचारू नये, "कोणतं वाक्य कामाला आलं?" असे विचारावे. तिच्या उत्तरातून दुसऱ्या दिवशी काय करायचे ते कळते.

भीती आणि संकट यांतला फरक मोठ्यांनी ओळखावा. रडणारे, तक्रार करणारे मूल अजून ऐकते आहे. त्याच्याशी बोलता येते. एकाएकी गप्प झालेले, खांदे वर ओढून ताठरलेले, नजर स्थिर झालेले मूल वाक्य ऐकत नसते. त्याला लगेच बाहेर घ्यावे. ओठ निळसर झाले, दात वाजू लागले, तर ती थंडी आहे. तेथे धीराचे बोल उपयोगाचे नाहीत, टॉवेल हवा. कान वाहत असेल किंवा दम्याचा त्रास असेल, तर वर्गाआधी डॉक्टरांना विचारावे. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याशी आलेले असल्याने त्याला ओरडता येत नाही. म्हणून बाकावर बसलेल्या माणसाची नजर मोबाइलवर नसावी. घरच्या घंगाळाजवळ आणि बादलीजवळही मोठे माणूस हवे, आणि सराव संपताच पाणी झाडांना घालून ती रिकामी करावी.

मूल धीट होऊ लागले की एक सीमावाक्य शिकवावे: "मोठं माणूस नाही, तर पाणी नाही." आपल्या जिल्ह्यात हे फार महत्त्वाचे आहे. शेताशेतांत आता प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी आहेत. त्यांचे पाणी तलावासारखेच शांत आणि निळसर दिसते. पण उतारावरचा ओला कागद इतका निसरडा असतो की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही काठ चढता येत नाही. तलावात भिंत असते, पायरी असते, पाय टेकायला तळ असतो; शेततळ्यात यांतले काहीच हाताशी येत नाही. सुट्टीत गावी गेलेल्या, नुकत्याच पोहायला लागलेल्या मुलाला हा फरक तळ्याच्या कुंपणाबाहेर उभे राहून प्रत्यक्ष दाखवावा. बागुलबुवाची गोष्ट आता निवृत्त करावी आणि तिच्या जागी निसरड्या कागदाचे खरे कारण ठेवावे. चार वाक्ये पाण्यात उतरायला उपयोगी पडतात. कोणत्या पाण्यात उतरायचे नाही, ते हे पाचवे वाक्य सांगते.