लिंक उघडली, आता विचारा, ‘पुढे काय केलं?’

विषबाधेचा रुग्ण रुग्णालयात आला की डॉक्टर आधी तीन गोष्टी विचारतात: काय घेतलं, किती घेतलं आणि केव्हा? ‘असं का केलंस?’ हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारत नाही, कारण त्याच्या उत्तराने उपचार बदलत नाहीत. चॅटवर आलेली बनावट लिंक उघडली गेल्यावर घरात मात्र नेमके उलटे घडते. ‘एवढंही कळलं नाही का?’ हे वाक्य सर्वांत आधी येते. ते ऐकावे लागेल म्हणून अनेक जण घडलेले सांगतच नाहीत, आणि पैसे वाचवण्याचा सर्वांत मोलाचा वेळ त्या गप्प बसण्यात जातो.

मार्च 2023 च्या सुरुवातीला मुंबईत जे घडले ते यासाठी आठवावे. एका खासगी बँकेच्या किमान 40 ग्राहकांची तीन दिवसांत लाखो रुपयांची फसवणूक झाली. सर्वांना आलेला मेसेज साधारण एकाच साच्यातला होता: केवायसी किंवा पॅनची माहिती अद्ययावत नाही, म्हणून खाते बंद होत आहे, खालील लिंकवर माहिती भरा. लिंकवर बँकेच्या संकेतस्थळासारखेच दिसणारे पान उघडत होते. खार पोलिसांकडे गेलेल्या तक्रारदारांत दूरचित्रवाणीवरील एक अभिनेत्रीही होती. तिने त्या पानावर ग्राहक क्रमांक, पासवर्ड आणि ओटीपी भरला. मग बँकेची कर्मचारी असल्याचे सांगणाऱ्या एका बाईचा फोन आला आणि आणखी एक ओटीपी भरून घेतला गेला. खात्यातून 57 हजारांहून अधिक रुपये गेले.

यात पैसे नेमके कोणत्या क्षणी गेले, हे पाहण्यासारखे आहे. लिंकला बोट लागले तेव्हा ते गेले नाहीत. ग्राहक क्रमांक आणि पासवर्ड भरला तेव्हा चोराच्या हाती किल्ली आली, आणि ओटीपी दिला तेव्हा कुलूप उघडले. अद्ययावत फोनवर नुसती लिंक उघडल्याने खाते रिकामे होणे अतिशय दुर्मीळ आहे. नुकसान होते ते पुढच्या पायऱ्यांवर. म्हणून लिंक उघडली गेली असेल तर सगळे संपले असे मानू नये, आणि काहीच झाले नाही असेही मानू नये. पुढची कोणती पायरी चढली गेली, हे आधी ठरवावे.

उघडण्याआधी ओळखण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे पत्ता वाचणे. बोधचिन्ह, रंग, सफाईदार मराठी किंवा कुलपाचे चिन्ह यावर विसंबू नये. हे सगळे बनावट पानालाही मिळते. पत्त्यात `//` नंतर येणाऱ्या पहिल्या `/` पर्यंतचा भागच पाहावा आणि तो उजवीकडून वाचावा. समजा, पत्ता असा आहे:

```
https://aplibank.kyc-update.example/login
```

यात बँकेचे नाव दिसते, पण पानाचा मालक आहे `kyc-update.example`. डावीकडचे नाव ही केवळ रंगवलेली पाटी आहे. ती कोणीही लावू शकतो. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये सर्व बँकांना आपली संकेतस्थळे `.bank.in` या पत्त्यावर नेण्यास सांगितले, आणि त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत दिली. हे नाव केवळ बँकांनाच मिळते. म्हणून बँकेच्या नावाने आलेल्या लिंकचा हा भाग `.bank.in` ने संपत नसेल तर ती उघडू नये. बँकेचे काम खरेच असेल तर ते बँकेच्या ॲपमध्ये स्वतः जाऊन किंवा शाखेत जाऊनही होते.

बक्षीस आणि नोकरीच्या लिंकमध्ये पत्त्यापेक्षा पैशाची दिशा पाहावी. ‘कौन बनेगा करोडपती’च्या नावाने 25 लाखांच्या लॉटरीचे मेसेज व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरत आहेत. बक्षीस मिळण्याआधी त्यात ‘प्रक्रिया शुल्क’ किंवा कर मागितला जातो. घरबसल्या कामाच्या जाळ्यात सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात आणि विश्वास बसतो. मग मोठ्या ‘टास्क’साठी आधी पैसे भरायला सांगतात. मिळणार असलेल्या पैशासाठी आधी पैसे द्यावे लागत असतील, तर तिथेच थांबावे. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही.

आता मेसेज ओळखीच्या माणसाकडून आला तर? समजा, मुलुंडच्या एका सोसायटीच्या ग्रुपवर शेजारच्या काकांच्या नंबरवरून वाहतूक दंडाच्या चलनाची फाइल येते. नावाच्या शेवटी `.apk` आहे. हे चलन नव्हे. ते अँड्रॉइड फोनवर बसणारे ॲप आहे. चलन, लग्नपत्रिका किंवा बँकेचा अर्ज कधीही `.apk` नसतो. काकांनी ती पाठवलेलीही नसते. त्यांच्या फोनमध्ये शिरलेल्या ॲपनेच ती पुढे ढकललेली असते. म्हणजे ओळखीचा नंबर हा खरेपणाचा पुरावा नाही.

ग्रुपमधल्या एका निवृत्त शिक्षिका ती फाइल उघडतात. ‘अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवण्यास परवानगी द्या’ असे फोन विचारतो. त्या हो म्हणतात. ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. त्याही वेळी त्या हो म्हणतात. आता बँकेचा ओटीपी त्यांना कोणी विचारण्याचीही गरज उरत नाही. तो आला की ॲप वाचते आणि चोराकडे पाठवते.

इथून पुढचे उपचार कोणती पायरी चढली गेली त्यावर ठरतात. लिंक नुसती उघडली आणि काहीच भरले नसेल, तर पान बंद करावे, फोन अद्ययावत करावा आणि खात्यावर काही दिवस लक्ष ठेवावे. पासवर्ड, कार्डाची माहिती किंवा ओटीपी भरला असेल, तर पैसे गेले नसले तरी लगेच बँकेला फोन करून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड बंद करून घ्यावे. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो. तो इंटरनेटवर शोधू नये. तिथेही बनावट नंबर पेरलेले असतात.

शिक्षिकेसारखे ॲप बसवले गेले असेल, तर क्रम असा. आधी फोनचा एअरप्लेन मोड चालू करावा आणि वायफायही बंद असल्याची खात्री करावी, म्हणजे ॲपचा चोराशी संपर्क तुटतो. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे. सिमकार्ड काढून साध्या फोनमध्ये घालावे, म्हणजे पुढचे ओटीपी तिथे येतील. ॲप आणि तो मेसेज यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढावेत. त्यानंतरच ॲप काढावे. ते निघत नसेल तर सेटिंगमध्ये त्याला दिलेला ‘डिव्हाइस ॲडमिन’ हा अधिकार आधी काढावा. शंका राहिली तर फोटो आणि महत्त्वाचे नंबर वेगळे काढून फोन फॅक्टरी रिसेट करावा. सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलावेत. त्याच फोनवर बदललेला नवा पासवर्डही चोराला दिसू शकतो.

पैसे गेले असतील तर बँकेबरोबरच 1930 या क्रमांकावर तक्रार द्यावी, किंवा `cybercrime.gov.in` वर नोंदवावी. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या या यंत्रणेत पैसे ज्या बँकेत गेले त्या बँकेकडे तक्रार तातडीने पोहोचते, आणि पैसे तिथेच असतील तर ते रोखले जातात. पुढच्या खात्यात गेले असतील तर तक्रार तिकडे सरकते. चोर मात्र रक्कम तुकडे करून एकामागून एक खात्यांत फिरवतात आणि शेवटी रोखीने काढतात. रोख निघाली की ही यंत्रणा थिटी पडते. म्हणून संध्याकाळी मुलगा कामावरून आल्यावर सांगू, असे म्हणू नये. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम समोर ठेवून फोन करावा. पोलीस ठाण्यात गेल्यावर गुन्हा आपल्या हद्दीतला नाही असे सांगितले गेले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार कोणत्याही ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावी लागते, हे लक्षात ठेवावे.

बँकेला कळवण्याची वेळ लिहून ठेवण्याला आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतर झालेले नुकसान मात्र बँकेचे. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा प्रसंगी तीन कामकाजी दिवसांत कळवले तर ग्राहकावर काहीच जबाबदारी येत नाही. म्हणून तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. केवळ 1930 वर फोन करून थांबूही नये. बँकेला वेगळे कळवावेच.

साप चावल्यावर जखम कापणे, चोखणे, दोरी आवळणे हे उपाय रुग्णाचे नुकसान करतात. इथेही तसे उपाय आहेत: लाजेपोटी चॅट पुसून टाकणे, पुरावा न घेता फोन रिसेट करणे, आणि ‘गेलेले पैसे मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला शुल्क देणे. शेवटचा माणूस बहुधा दुसरा चोरच असतो.

फसलेल्याला भोळा ठरवणे सोयीचे असते, कारण मग आपण सुरक्षित आहोत असे वाटते. पण खाते बंद होण्याची भीती, हातची नोकरी जाण्याची धास्ती, दंडाची घाई हे सगळे त्या मेसेजमध्ये विचार करायला वेळ मिळू नये म्हणूनच घातलेले असते. तीच घाई शिकलेल्या माणसालाही चुकवते. बँकांच्या हेल्पलाइनवर शिल्लक, कर्ज आणि योजनांच्या आधी ‘फसवणूक झाली असल्यास’ हा पर्याय एक क्रमांकावर असायला हवा. चार मिनिटे बटणे दाबण्यात जाणे ग्राहकाला परवडत नाही. आणि घरी कोणी ‘मी एक लिंक उघडली’ असे सांगितले, तर पुढचा प्रश्न एवढाच असावा: काय भरलं, काय बसवलं आणि केव्हा?