रोल बदलला, तरी जुने अधिकार कसे चालतात?

समजा, बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही दुपारी 2 वाजता एकाला मॅनेजरवरून कॅशियर केलंत. तरी 4 वाजता तो बिल रद्द करतोय! सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. सकाळी लॉगिन करताना त्याला टोकन मिळालं, म्हणजे गेटपासच. त्यावर ‘मॅनेजर’ लिहिलंय, मुदत रात्री 10 पर्यंत. सर्व्हर तो पासच वाचतो, तुमची नवी यादी बघत नाही. पान रिफ्रेश केलं तरी पास तोच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: रोल बदलणं हे अर्धंच काम. त्याचं सेशन सगळ्या मोबाईल-कॉम्प्युटरवरून बंद करा, पुन्हा लॉगिन करून तपासा. आणि सॉफ्टवेअर घेण्याआधीच विचारा, ‘टोकनची मुदत किती? मधेच रद्द होतं का?’ 15 मिनिटं चालतील. अख्खा दिवस नको.