धावती सरासरी स्थिरावते म्हणजे काय?

एकच प्रयोग सारख्याच परिस्थितीत पुन्हा पुन्हा केला, एका खेपेचा दुसरीवर परिणाम होऊ दिला नाही आणि प्रत्येक खेपेनंतर तोपर्यंतच्या सगळ्या निकालांची सरासरी काढली, तर ही धावती सरासरी अपेक्षित मूल्याकडे झुकते. बृहत् संख्यांचा नियम तो हाच. विधान सोपे असले तरी त्यातल्या ‘झुकते’ या क्रियापदाचा अर्थ वर्गात आणि कामाच्या टेबलावरही बरेचदा चुकीचा लावला जातो. सरासरी दर खेपेला थोडी थोडी जवळ येत जाते, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्ष आकडे पाहिले की हा समज टिकत नाही.

असे आकडे जॉन केरिच या गणितज्ञाने ठेवले आहेत. दक्षिण आफ्रिकेत शिकवणारा केरिच एप्रिल 1940 मध्ये कोपनहेगनला गेलेला असतानाच जर्मनीने डेन्मार्कवर आक्रमण केले आणि त्याची रवानगी जटलंडमधल्या नजरकैदेच्या छावणीत झाली. हाताशी भरपूर वेळ होता. त्याने 10,000 वेळा नाणेफेक करून निकाल क्रमाने नोंदवले आणि युद्धानंतर, 1946 साली, ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. आज संगणक हेच काम क्षणात करतो. पण केरिचचे आकडे खऱ्या नाण्याचे आहेत, म्हणून अजूनही उपयोगी पडतात.

पहिल्या 100 फेकींत 44 छापे पडले. 1,000 फेकींनंतर छापे 502 होते, म्हणजे सरासरी 50.2 टक्के. 2,000 फेकींनंतर ती 50.65 झाली, 6,000 नंतर 50.15 आणि 10,000 फेकींअखेर एकूण छापे 5,067, म्हणजे 50.67 टक्के. फेकी दसपट झाल्या, तरी सरासरी निम्म्याच्या जवळ येण्याऐवजी लांब गेली! यात नियम मोडलेला नाही. पुढची प्रत्येक सरासरी मागचीपेक्षा जवळ असेल, असे आश्वासन त्याने कधी दिलेलेच नाही.

मग त्याने काय सांगितले आहे? धावती सरासरी कशी बदलते ते आधी पाहू. नवी सरासरी = जुनी सरासरी + (नवा निकाल − जुनी सरासरी) ÷ n. निकाल 0 किंवा 1 असल्याने n व्या फेकीमुळे सरासरी फार तर 1/n इतकीच हलू शकते. शंभराव्या फेकीला तिला एका टक्क्याच्या आत हलता येते, दहा हजाराव्या फेकीला एका टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आत. जुनी तूट भरून काढायला नाणे पुढे जादा छापे देत नाही. पहिल्या 100 फेकींत 6 छाप्यांची तूट होती. पुढच्या 9,900 फेकींत छापे अगदी निम्मे पडले असते, तर 10,000 अखेर तीच 6 ची तूट तशीच राहिली असती आणि तरीही सरासरी 49.94 टक्के झाली असती. तूट फिटत नाही, मोठ्या भाजकाखाली ती नगण्य होते. किंबहुना छाप्यांची संख्या आणि n/2 यांच्यातला फरक n बरोबर साधारणतः वाढतच जातो. केरिचच्या नोंदीत 1,000 ला तो 2 होता, 5,000 ला 33 आणि 10,000 ला 67. या फरकाचे प्रमाण विचलन √n/2 असते, म्हणजे 10,000 ला 50. तेव्हा 67 ही जादाची संख्या अजिबात आश्चर्याची नाही. फरक √n च्या गतीने वाढतो, भाजक n च्या गतीने, आणि सरासरीतली चूक 1/√n च्या गतीने घटते. चूक निम्मी करायला चौपट फेकी लागतात.

आता अभिसरणाचा अर्थ सांगता येतो. अपेक्षित मूल्याभोवती एक पट्टा आखावा, समजा निम्म्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टक्का. निर्दोष नाण्याच्या 1,000 फेकी केल्या, तर सरासरी या पट्ट्याबाहेर असण्याची संभाव्यता निम्म्याच्या आसपास असते. 10,000 फेकींना ती साडेचार टक्क्यांवर येते आणि 40,000 ला लाखात सहाच्या आसपास. पट्टा कितीही अरुंद घेतला, तरी n वाढवत नेल्यावर ही संभाव्यता शून्याकडे जाते. हा दुर्बल नियम. जेकब बर्नुलीने तो सिद्ध केला आणि त्याच्या मृत्यूनंतर 1713 मध्ये तो छापला गेला. इथे अभिसरण होते ते संभाव्यतेचे. कोणा एकाच्या वहीतल्या आलेखाबद्दल हा नियम थेट काही बोलत नाही.

एका आलेखाबद्दल बोलतो तो प्रबल नियम. बोरेलने 1909 मध्ये तो नाणेफेकीसाठी मांडला. त्यानुसार धावती सरासरी कधीतरी पट्ट्यात शिरते आणि नंतर कायमची आतच राहते, आणि असे घडण्याची संभाव्यता 1 असते. मात्र ते ‘कधीतरी’ केव्हा आले, हे आलेख पाहणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. आत आलेली सरासरी पुन्हा बाहेर पडू शकते.

व्यवहारातली सर्वात मोठी चूक इथेच होते. सदृशीकरण करणारा आलेख सपाट झालेला पाहतो आणि थांबतो. पण सपाटपणा हा बराचसा भाजकाचा परिणाम असतो. 9,000 आणि 10,000 या दोन बिंदूंमागची नऊ-दशांश माहिती एकच असल्याने ते जवळजवळ असणारच. खरी तपासणी करायची तर निकालांचे स्वतंत्र गट पाडावेत. केरिचच्या हजार-हजारांच्या दहा गटांत छापे असे पडले: 502, 511, 497, 519, 504, 476, 507, 518, 504, 529. निर्दोष नाण्यासाठी अशा गटाचे प्रमाण विचलन 15.8 यायला हवे. 500 पासूनच्या फरकांचे वर्ग करून त्यांच्या सरासरीचे वर्गमूळ काढले, तर 15.2 येते. म्हणजे फेकी स्वतंत्र होत्या, असे मानायला आकड्यांची आडकाठी नाही. गटांमधला विखुरलेपणा अपेक्षेपेक्षा बराच जास्त आला, तर निकाल एकमेकांत गुंतलेले आहेत किंवा मधेच परिस्थिती बदलली आहे, अशी शंका घ्यावी. धावत्या सरासरीचा गुळगुळीत आलेख ही गोष्ट लपवतो.

आणखी एक मर्यादा आहे. सरासरी जाते ती त्या नाण्याच्या स्वतःच्या संभाव्यतेकडे, आणि ती बरोबर निम्मी असेलच असे नाही. केरिचच्या आकड्यांवरून 95 टक्के विश्वासाने एवढेच म्हणता येते की ती 49.7 आणि 51.7 टक्क्यांच्या दरम्यान आहे. शिवाय अपेक्षित मूल्य मुळात अस्तित्वात असावे लागते. कोशी वितरणाला ते नसते. त्यातल्या दहा लाख मूल्यांची सरासरी एका मूल्याइतकीच बेभरवशाची असते. तिचा आलेखही बराच वेळ सपाट दिसतो आणि मग एका प्रचंड मूल्याने एकदम उसळतो.

तेव्हा शिक्षकांनी आणि सदृशीकरणाचे निकाल छापणाऱ्यांनी धावत्या सरासरीचा आलेख एकटा देऊ नये. त्यावर 1/√n च्या गतीने अरुंद होत जाणारा पट्टा काढावा, शेजारी गटवार सरासऱ्या द्याव्यात आणि n किती घ्यायचा ते आलेख पाहण्यापूर्वीच ठरवावे.